पोर्ट उघडला, तरी कुणी येईना

घरात पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर घरचे सगळे फोटो ठेवायचे आणि कुठूनही आपल्या फोनवर पाहायचे, हा बेत आता फारसा अवघड राहिलेला नाही. लिनक्स टाकायचं, फोटोंचं एखादं मोफत सॉफ्टवेअर बसवायचं, मोठी हार्ड डिस्क जोडायची. घरातल्या वायफायवर सगळं सुरळीत चालतं. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहायचा, म्हणजे बाहेरून येणारी विचारणा राउटर त्या कॉम्प्युटरकडे वळवील. नियम सेव्ह होतो, त्यापुढे हिरवी खूणही येते. आणि मोबाइल डेटावरून ते पान उघडायला जावं, तर चक्र नुसतं फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ म्हणून थांबतं.

यानंतर माणूस स्वतःची चूक शोधू लागतो. राउटर रीसेट होतो, फायरवॉल बंद होते, पोर्टचा आकडा बदलून पाहिला जातो, कधी नवा महागडा राउटरही घरात येतो. फरक काहीच पडत नाही. कारण पुष्कळदा या घरात चूक नसतेच. लिहिलेला नियम बरोबर असतो. फक्त तो ज्या राउटरवर लिहिला, त्याच्यापर्यंत बाहेरची विचारणा पोचतच नाही. वाटेत इंटरनेट कंपनीचं आणखी एक यंत्र बसलेलं असतं आणि त्यात काही लिहिण्याची मुभा ग्राहकाला नसते. या व्यवस्थेला कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात. तंत्रज्ञांच्या बोलण्यात सीजीनॅट.

पत्ते कमी, माणसं जास्त

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा म्हणजे आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे जगभरात मिळून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. त्यातलेही बरेच राखीव आहेत. एकेका घरात चार फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि कॅमेरे असताना हे पत्ते पुरणार नाहीत, हे १९९०च्या दशकातच कळून चुकलं होतं.

त्यावर मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक उपाय मांडला. घरातल्या किंवा कचेरीतल्या यंत्रांना आतल्या आत चालणारे खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना दारावरच्या राउटरने ते बदलून एकच सार्वजनिक पत्ता लावायचा. हेच नॅट, म्हणजे पत्ता-बदल. हा तात्पुरता उपाय आहे, असं त्या प्रस्तावातच म्हटलेलं होतं. तुमच्या घरातल्या यंत्रांचे पत्ते `192.168` ने सुरू होतात, ते याच व्यवस्थेमुळे. तसेच पत्ते शेजारच्या घरातही असतात आणि त्याने काही बिघडत नाही, कारण ते घराबाहेर पडतच नाहीत.

एका घराला एक सार्वजनिक पत्ता, हे गणितही पुढे जमेना. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. भारत ज्या विभागात येतो त्या आशिया-पॅसिफिकचं वाटप पाहणाऱ्या ‘एपनिक’कडचा साठा त्याच वर्षी एप्रिलच्या मध्याला शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि तिथून रेशनिंग सुरू झालं. आधी नव्या सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ पासून ती मर्यादा ५१२ झाली. म्हणजे तालुक्याच्या गावात केबलवाल्याने नवी इंटरनेट कंपनी काढली, तर तिच्या वाट्याला जेमतेम ५१२ पत्ते. जास्त हवे असतील तर बाजारातून विकत किंवा भाड्याने घ्यायचे. ग्राहक मात्र दहा हजार. मग एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत वाटण्यावाचून इलाज राहत नाही.

घरातल्या राउटरने जे केलं तेच कंपनी आपल्या केंद्रात मोठ्या प्रमाणावर करते. ग्राहकाच्या राउटरलाच ती खासगी पत्ता देते आणि खरा सार्वजनिक पत्ता पुढच्या एका मोठ्या यंत्रावर लावते. या मधल्या पट्ट्यात घरातलेच `192.168` किंवा `10` ने सुरू होणारे पत्ते वापरले, तर घरातल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची गल्लत होऊ शकते. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये `100.64.0.0` ते `100.127.255.255` हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा वेगळा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवण्यात आला. काही कंपन्या मात्र अजूनही ग्राहकांना `10` ने सुरू होणारेच पत्ते देतात.

नोंद कोण लिहितं

सगळी गोम पत्ता-बदल करणाऱ्या यंत्राच्या नोंदवहीत आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका घरात फोटोंचा सर्व्हर आहे, त्याचा घरातला पत्ता `192.168.1.20`. घरच्या राउटरला कंपनीने दिलेला पत्ता `100.72.14.9`. कंपनीच्या सीजीनॅट यंत्रावरचा सार्वजनिक पत्ता `203.0.113.45`. (`203.0.113` ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले असतात, त्यामुळे हा पत्ता कुणाचाही खरा नाही.)

आधी आतून बाहेर जाणारी विचारणा पाहू. सर्व्हर अपडेट मागण्यासाठी एका वेबसाइटला जोडला जातो. पत्त्याबरोबर प्रत्येक जोडणीला एक पोर्ट क्रमांक असतो. समजा तो `51514` आहे. घरचा राउटर ही विचारणा पुढे पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून `100.72.14.9` करतो आणि आपल्या वहीत एक ओळ लिहितो: या जोडणीचं उत्तर आलं की ते `192.168.1.20` ला द्यायचं. पुढे सीजीनॅट यंत्र पत्ता पुन्हा बदलून `203.0.113.45` करतं, पोर्टही बदलून समजा `20811` करतं आणि आपल्या वहीत दुसरी ओळ लिहितं: `20811` वर आलेलं उत्तर `100.72.14.9` च्या `51514` वर पाठवायचं. उत्तर येतं तेव्हा दोन्ही वह्यांत ओळ सापडते आणि ते बिनचूक सर्व्हरपर्यंत पोचतं. म्हणूनच ब्राउझिंग, व्हिडिओ, व्हॉट्सअॅप, पैसे पाठवणं, सगळं छान चालतं. जोडणी आतून सुरू झाली की ओळी आपोआप लिहिल्या जातात.

आता उलट दिशा. मुंबईच्या लोकलमध्ये बसलेल्या मुलीला घरचे फोटो पाहायचे आहेत. तिचा फोन `203.0.113.45` या पत्त्यावर `8443` पोर्टकडे विचारणा पाठवतो. ही विचारणा सीजीनॅट यंत्रापाशी येते. यंत्र वही चाळतं. `8443` ची ओळ नाही, कारण आतून कुणी ती सुरू केलेली नाही. ही विचारणा त्या पत्त्यामागच्या कुठल्या घरासाठी आहे, हे कळायला यंत्राकडे काहीच आधार नसतो. ते ती मुकाट्याने टाकून देतं. घरच्या राउटरवर `8443` ची ओळ तुम्ही हाताने लिहून ठेवलेली आहे, पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे दुसरं काय असतं! पण ती ओळ वाचण्याची वेळच येत नाही. घराचं दार सताड उघडं ठेवलं, पण सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराला पाहुण्याचं नावच सांगितलेलं नाही, असा हा प्रकार.

मग कंपनीनेच तिच्या वहीत ती ओळ का लिहून देऊ नये? इथे अडचण वाटणीची आहे. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. त्यातले पहिले १,०२४ ठरावीक सेवांसाठी बाजूला ठेवले, तर ६४,५१२ उरतात. पुष्कळ ठिकाणी कंपनी प्रत्येक ग्राहकाला यातला एक सलग गट नेमून देते. गट १,०२४ पोर्टचा धरला, तर एका सार्वजनिक पत्त्यावर ६३ घरं बसतात आणि ५१२ पत्त्यांत ३२ हजारांवर. आपल्या नाशिकच्या घराला `20480` ते `21503` हा गट मिळाला आहे असं धरू. वर `20811` आला तो त्यातूनच. या घराला हवा असलेला `8443` दुसऱ्याच कुणाच्या तरी गटात पडतो. वेबसाइटसाठी सगळ्यांनाच लागणारा `443` तर कुणाच्याच गटात नाही, आणि द्यायचा म्हटला तरी ६३ घरांपैकी एकालाच देता येईल.

ग्राहकाच्या राउटरने कंपनीच्या यंत्राकडे आपल्यापुरता एखादा पोर्ट मागून घ्यावा, यासाठी २०१३ मध्ये पीसीपी नावाची पद्धत ठरवण्यात आली. पण घरगुती जोडणीवर ही सोय चालू असल्याचं क्वचितच पाहायला मिळतं, आणि असली तरी पोर्ट मिळतो तो यंत्र देईल तो, तुम्ही मागाल तोच मिळेल याची खात्री नाही.

गट नेमून देण्यामागे कंपनीची एक सोयही आहे. एखाद्या पत्त्यावरून गुन्हा घडला तर तो कुठल्या ग्राहकाने केला, हे तपास यंत्रणांना सांगावं लागतं आणि त्यासाठी नोंदी जपून ठेवाव्या लागतात. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. प्रत्येक जोडणीची वेगळी नोंद ठेवायची तर डिस्कच्या डिस्क भरतील. अमुक वेळेपासून अमुक गट अमुक ग्राहकाकडे, एवढी एक ओळ पुरते. म्हणूनच अशा तपासात नुसता आयपी पत्ता कळून भागत नाही. नेमकी वेळ आणि पोर्टही लागतो, नाहीतर ६३ घरांवर संशय जातो.

ओळखायचं कसं

आपलं घर सीजीनॅटच्या मागे आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. आधी राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन `WAN IP` किंवा `Internet IP` असं लिहिलेल्या ओळीतला पत्ता टिपून घ्यायचा. मग घरातल्याच कॉम्प्युटरवरून बाहेरच्या जगाला आपला कुठला पत्ता दिसतो ते विचारायचं:

```
curl -4 https://ifconfig.me
```

या वेळी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू नको. दोन्ही पत्ते एकच असतील, तर तुमच्या राउटरला खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालायला हवं. तरीही चालत नसेल तर दोष सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, नियमातल्या आकड्यात किंवा कंपनीने तो विशिष्ट पोर्ट अडवण्यात शोधावा. पत्ते वेगवेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता `100.64` ते `100.127` यांमधला असेल, तर सीजीनॅट आहे हे जवळजवळ नक्की. `10` ने सुरू होत असेल, तरी बहुधा तेच.

राउटरवरचा पत्ता `192.168` ने सुरू होत असेल, तर जरा थांबावं. फायबरची तार ज्या डब्यात येते, तो कंपनीचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असतो, आणि त्याच्यामागे आपण आपला दुसरा राउटर जोडलेला असतो. म्हणजे पत्ता-बदल घरातच दोनदा होतो आहे. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला की हा गुंता सुटतो. अर्थात त्यानंतर आपल्या राउटरवर दिसणारा पत्ता पुन्हा तपासायला हवा, कारण या दोहोंच्या पलीकडे सीजीनॅट असू शकतं.

फसायच्या जागा पुष्कळ आहेत. सर्व्हर उघडतो का, हे घरच्या वायफायवरूनच पाहिलं तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती विचारणा घराबाहेर न पडताच मागे वळू शकते. चाचणी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच करावी. बदलता पत्ता एका नावाला जोडून देणारी डायनॅमिक डीएनएस सेवा घेतली, तरी उपयोग नाही. ते नाव सीजीनॅट यंत्राच्या पत्त्याकडे बोट दाखवील आणि तिथे ६३ घरं आहेत. राउटरमधला ‘डीएमझेड’ चालू करणं म्हणजे आलेलं सगळं एका यंत्राकडे पाठवणं. पण मुळात काही आलंच नाही, तर पाठवणार काय? गेम किंवा टॉरेंटच्या सॉफ्टवेअरने यूपीएनपी वापरून आपोआप पोर्ट उघडल्याचं सांगितलं, तरी तो उघडला आहे घरच्या राउटरवर.

खात्री करून घ्यायचा एक उपाय आहे. ओपनडब्ल्यूआरटीसारखी प्रणाली असलेल्या राउटरवर बाहेरच्या बाजूने आत येणारी पाकिटं पाहता येतात:

```
tcpdump -ni pppoe-wan tcp port 8443
```

यातलं `pppoe-wan` हे नाव आपल्या राउटरप्रमाणे बदलावं लागेल. हे चालू ठेवून मोबाइल डेटावरून विचारणा करायची. पडद्यावर ओळ उमटली, तर विचारणा दारापर्यंत आली आहे आणि बिघाड घरात आहे. काहीच उमटलं नाही, तर ती वाटेतच अडली. ब्राउझरच्या संदेशातूनही थोडा अंदाज येतो. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर कुठलं तरी यंत्र नकार द्यायला हजर होतं. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर विचारणा मुकाट्याने टाकून दिली गेली. सीजीनॅटच्या मागे बहुतेक वेळा दुसरा प्रकार दिसतो.

मोबाइलवर तर आणखी एक पायरी

सिम घातलेला राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट वापरून शेतावरचा कॅमेरा बाहेरून पाहायचा प्रयत्न केला, तर हीच गोष्ट घडते आणि थोडी वेगळ्या रीतीने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हापासून भारतात आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं. या नव्या पद्धतीचा पत्ता १२८ बिटांचा असतो, त्यामुळे टंचाईचा प्रश्नच नाही. आज भारतातली निम्म्याहून बरीच जास्त इंटरनेट वापरणारी मंडळी आयपीव्ही६वर आहेत, आणि त्यात मोबाइलचा वाटा मोठा आहे.

पण अनेक वेबसाइट आणि अॅप अजून जुनाच पत्ता वापरतात. त्यासाठी फोनमध्येच एक छोटा अनुवादक बसवलेला असतो. तो जुन्या पद्धतीची पाकिटं नव्या पद्धतीत बदलून कंपनीकडे पाठवतो आणि कंपनीचं यंत्र त्यांना पुन्हा जुन्या पद्धतीत आणून सार्वजनिक पत्ता लावतं. फोनच्या नेटवर्क माहितीत `192.0.0.4` असा विचित्र पत्ता दिसला, तर ही व्यवस्था चालू आहे असं समजावं. वहीचा नियम मात्र तोच: आतून सुरू झालेल्या जोडणीचीच ओळ लिहिली जाते. शिवाय मोबाइल कंपन्या आयपीव्ही६वरही बाहेरून येणाऱ्या विचारणा पुष्कळदा अडवतात. मागितलेली नसलेली पाकिटं फोनपर्यंत येऊ दिली, तर बॅटरीही खर्च होईल आणि डेटाही.

तीन वाटा

यातून सुटायच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली सरळ वाट म्हणजे कंपनीकडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घेणं. पुष्कळ ब्रॉडबँड कंपन्या तो दरमहा किंवा वार्षिक जादा आकार घेऊन देतात आणि व्यवहारात त्याला ‘स्टॅटिक आयपी’ म्हणतात. खरं तर पत्ता कायम राहण्याची गरज नसते. तो बदलता पण सार्वजनिक असला तरी डायनॅमिक डीएनएसवर काम भागतं. काही ठिकाणी हा पत्ता घ्यायला व्यावसायिक प्लॅन घ्यावा लागतो. पत्ता मिळाला की सीजीनॅट तुमच्या वाटेतून बाजूला होतं आणि जुना पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम काही न बदलता चालू लागतो.

दुसरी वाट आयपीव्ही६. फायबरवाली कंपनी ते देत असेल, तर तुमच्या सर्व्हरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आधीच मिळालेला असतो. इथे पत्ता बदलायचा नसतो, म्हणून फॉरवर्डिंगही लागत नाही. घरचा राउटर बाहेरून येणाऱ्या जोडण्या मुळात अडवतो, त्याच्या फायरवॉलमध्ये त्या एका सर्व्हरच्या एका पोर्टला वाट करून द्यायची, एवढंच. अडचणी दोन. कंपन्या घराला मिळणारा पत्त्यांचा गट अधूनमधून बदलतात, तेव्हा सर्व्हरने स्वतःच आपला नवा पत्ता डायनॅमिक डीएनएसला कळवत राहायला हवं. आणि पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं. मुलीच्या फोनवर ते असतं, पण तिच्या कचेरीच्या वायफायवर नसेल, तर फोटो लोकलमध्ये उघडतील आणि कचेरीत उघडणार नाहीत. असा अर्धवट बिघाड दिसला, की संशय इथेच घ्यावा.

तिसरी वाट वहीच्या नियमातूनच निघते. ओळ आतून सुरू झालेल्या जोडणीचीच लिहिली जाते ना? मग जोडणी घरातूनच सुरू करायची आणि चालू ठेवायची. दुकानातल्या सीसीटीव्हीचं अॅप पोर्ट न उघडताही चालतं, ते याच युक्तीवर. कॅमेऱ्याचा डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरला सतत जोडून असतो आणि तुमचा फोन तिथेच जाऊन त्याला भेटतो.

हेच आपल्या हातात ठेवायचं, तर मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यायचा. त्याला सार्वजनिक पत्ता असतो. घरचा सर्व्हर वायरगार्ड वापरून त्याच्याशी एक बोगदा जोडतो. घरच्या बाजूची मांडणी साधारण अशी:

```
[Interface]
PrivateKey = ...
Address = 10.8.0.2/24

[Peer]
PublicKey = ...
Endpoint = 203.0.113.200:51820
AllowedIPs = 10.8.0.1/32
PersistentKeepalive = 25
```

यातली शेवटची ओळ विसरली, की सगळं काही मिनिटं चालतं आणि मग बाहेरून उघडेनासं होतं. वायरगार्ड यूडीपीवर चालतं आणि यूडीपीच्या जोडणीवर काही काळ हालचाल दिसली नाही की सीजीनॅट आपल्या वहीतली ओळ पुसून टाकतं. नियमावली किमान दोन मिनिटं थांबायला सांगते, पण प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रं त्याआधीच पुसतात. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवलं, की ओळ जिवंत राहते. मग भाड्याच्या सर्व्हरवर आलेला `8443` बोगद्यातून `10.8.0.2` कडे वळवायचा. पोर्ट फॉरवर्डिंगच झालं, फक्त या वेळी वही आपल्या ताब्यातल्या यंत्रावर आहे. कूटबद्ध पान घरच्याच सर्व्हरवर उलगडतं, त्यामुळे मधल्या यंत्राला फोटो दिसत नाहीत. तोटा असा, की प्रत्येक फोटो त्या भाड्याच्या सर्व्हरवरून फिरून येतो. त्याचा वेग आणि डेटाची मर्यादा तुमचीही होते.

भाड्याचा सर्व्हर सांभाळायचा नसेल, तर तयार सेवा आहेत. क्लाउडफ्लेअरचा टनेल घरातून बाहेरच जोडला जातो आणि पान सगळ्या जगाला दाखवू शकतो. पण कूटबद्ध मजकूर त्यांच्या यंत्रावर उलगडतो, म्हणजे त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. फक्त घरच्याच चारपाच जणांना पोचायचं असेल, तर टेलस्केलसारखी सेवा बरी. ती दोन्ही बाजूंच्या यंत्रांना एकाच वेळी बाहेर विचारणा करायला लावते, म्हणजे दोन्हीकडच्या वह्यांत ओळी तयार होतात आणि यंत्रं थेट बोलू लागतात. सीजीनॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट वापरत असेल, तर ही युक्ती फसू शकते. मग मजकूर सेवेच्या मधल्या सर्व्हरवरून जातो आणि वेग मंदावतो. टेलस्केल आपल्या यंत्रांना `100.64` च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, हे आधीच्या तपासणीच्या वेळी ध्यानात ठेवायला हवं. कॉम्प्युटरवर तसा पत्ता दिसला म्हणून सीजीनॅट आहे असं ठरवू नये. पाहायचा तो राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता.

एक सावधगिरी तिन्ही वाटांना लागू आहे. सीजीनॅटमुळे घरची यंत्रं नकळत झाकलेली होती; ते झाकण आपण काढतो आहोत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यात घातलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. म्हणून एकाच सर्व्हरचा एकच पोर्ट उघडावा, आणि डीव्हीआरसारखं यंत्र थेट बाहेर न ठेवता बोगद्यातूनच पाहावं.

कंपनीच्या हेल्पलाइनला ‘माझं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही’ असं सांगितलं, तर बहुधा राउटर बंद करून चालू करायचा सल्ला मिळतो, कारण तो नियम खरोखरच त्यांच्या यंत्रावर नसतो. प्रश्न वेगळे विचारायला हवेत, आणि शक्य तर जोडणी घेण्याआधीच. माझ्या राउटरला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळेल का, की सीजीनॅटमागचा? सार्वजनिक हवा असेल तर तो याच प्लॅनवर मिळतो का आणि किती पैशांत? आयपीव्ही६ देता का, आणि त्यावर बाहेरून येणाऱ्या जोडण्या तुमच्या बाजूने अडवता का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘होय’ आलं, तर नेहमीचं पोर्ट फॉरवर्डिंग पुरेल. ‘नाही’ आलं आणि तिसऱ्याचं उत्तर समाधानकारक असेल, तर आयपीव्ही६ आहे. तिन्हींना नकार असेल, तर राउटरवर आणखी एक संध्याकाळ न घालवता सरळ बोगद्याच्या तयारीला लागावं.